चाळीस काटे काढले, तरी माल उशिराच

प्रश्न: भोसरीत शीट मेटलचं छोटं युनिट आहे, आम्ही पंधरा जण. पॅनेल बॉक्स, कव्हर, स्टँड अशी कामं करतो. डिलिव्हरी सारखी लेट होते. कोणीतरी सांगितलं म्हणून सगळ्यांना बसवून फिशबोन, म्हणजे माशाच्या सांगाड्यासारखा कारणांचा चार्ट, काढला. माणूस, मशीन, माल, पद्धत सगळं केलं, चाळीसच्या वर कारणं निघाली. चार्ट भिंतीवर लावून दोन महिने झाले, फरक शून्य. कुठे चुकतंय?

उत्तर:

चार्टचा फोटो तुम्ही टाकलेला नाही, पण त्यावर काय असेल ते मी साधारण सांगू शकतो. 'लाइट जाते', 'कामगार न सांगता सुट्टी घेतात', 'मटेरियल वेळेवर येत नाही', 'टेंपो मिळत नाही', 'चाकणचं ट्रॅफिक', 'कस्टमर ड्रॉइंग बदलतो', 'प्लॅनिंग नाही', आणि कुठेतरी कोपऱ्यात 'निष्काळजीपणा'. माशाच्या डोक्यात फक्त 'लेट डिलिव्हरी' एवढंच.

यातलं जवळजवळ सगळं खरं असतं, आणि तिथेच गोची होते. कारण ही सगळी कारणं वेळेवर गेलेल्या मालालाही लागू पडतात. लाइट गेली त्या आठवड्यातही दोन-चार ऑर्डर ठरल्या दिवशी गेल्याच असतील. वेल्डर गावाला गेला होता तेव्हाही काही माल निघाला असेल. मग एकाच शेडखाली, त्याच माणसांच्या हातून, काही ऑर्डर वेळेवर का जातात आणि काही का अडकतात? तुमच्या चार्टला हा फरक विचारलाच गेलेला नाही, म्हणून तो सांगतही नाही.

मी वीसेक वर्षं चिंचवड-भोसरी पट्ट्यातल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये प्लॅनिंग केलं, आता छोट्या युनिटना याच कामात मदत करतो. तुमचं पावडर कोटिंग घरात आहे की बाहेर, लेझर कटिंग कुठून करून घेता, एकच मोठा कस्टमर आहे की पंधरा-वीस छोटे, यावर उत्तर बरंच बदलेल. म्हणून नुसती पद्धत सांगण्यापेक्षा तळवड्याच्या एका युनिटमध्ये आम्ही काय केलं ते सांगतो. चौदा माणसं, इलेक्ट्रिकल पॅनेलचे रिकामे बॉक्स बनवतात. लेझर कटिंग बाहेरून, बेंडिंग-वेल्डिंग-ग्राइंडिंग घरात, पावडर कोटिंग परत बाहेर, मग गास्केट, लॉक, बिजागऱ्या लावून पॅकिंग. तुमच्यापेक्षा फार वेगळं नसावं.

आधी डोकं

त्यांच्याही चार्टवर डोक्यात 'लेट डिलिव्हरी' होतं. मी शेठना पहिलं विचारलं, लेट म्हणजे कोणत्या तारखेपेक्षा लेट? त्यावर अर्धा तास वाद झाला. पीओवर, म्हणजे लेखी ऑर्डरवर, एक तारीख असते, ती कस्टमरच्या परचेसवाल्याने टाकलेली. शेठनी फोनवर दुसरी दिलेली असते. मग माल अडकला की व्हॉट्सअॅपवर 'सोमवारी देतो' अशी तिसरी. डिस्पॅचवाला मुलगा तिसरी तारीख धरायचा, त्यामुळे त्याच्या वहीत जवळजवळ काहीच लेट नव्हतं. कस्टमर पहिली धरायचा, त्यामुळे त्याच्या लेखी सगळंच लेट होतं.

आम्ही ठरवलं की शेठनी पहिल्यांदा कबूल केलेली तारीख धरायची, नंतर कितीही वेळा बदलली तरी. आणि एका दिवसापेक्षा जास्त पुढे गेली तरच लेट म्हणायचं. तुम्ही दुसरी व्याख्या ठरवलीत तरी चालेल, पण एकच ठरवा आणि ती भिंतीवर लिहा.

मग मागच्या तीन महिन्यांची बिलं काढली. एकूण ६२ ऑर्डर, त्यातल्या २३ लेट. म्हणजे ३९ वेळेवर गेल्या होत्या! 'सारखं लेट होतं' म्हणणाऱ्या शेठना हा आकडा बघून जरा बरंच वाटलं. पण मला तो वेगळ्या कारणासाठी हवा होता. तुलना करायला दोन ढीग मिळाले.

काटे काढायच्या आधी तारखा

ही पायरी सगळे गाळतात, कारण 'आमच्याकडे डेटा नाही' असं वाटतं. डेटा असतो, फक्त तो फायलीत असतो. पीओच्या मेलवर तारीख असते. ड्रॉइंग अप्रूव्ह झाल्याचा मेल किंवा मेसेज असतो. कट केलेली शीट आत आली त्याचं चलन असतं. कोटिंगला बॉक्स पाठवताना जीएसटीसाठी जॉबवर्कचं चलन फाडावंच लागतं, आणि परत येताना कोटिंगवाल्याचं चलन येतं. शेवटी तुमचं बिल. या सहा तारखा एका ओळीत लिहिल्या की त्या ऑर्डरच्या प्रवासाचे पाच टप्पे आपोआप तयार होतात. कोणाला स्टॉपवॉच घेऊन उभं करावं लागत नाही.

शेठच्या मुलीने दोन संध्याकाळी बसून हे ६२ ऑर्डरचं काम एक्सेलमध्ये केलं. सात-आठ ठिकाणी चलन सापडलं नाही, तिथे गेटच्या वहीवरून तारीख घेतली. वेळेवर गेलेल्या ऑर्डरची सरासरी अशी निघाली: ड्रॉइंग अप्रूव्हलला २ दिवस, कट शीट यायला २, घरातलं काम ३, कोटिंगवाल्याकडे २, फिटिंग-डिस्पॅच १. एकूण १० दिवस, आणि शेठ कबूलही साधारण दहाच दिवस करतात. लेट गेलेल्या ऑर्डरची सरासरी: ३, २, ४, ६, १. एकूण १६.

जास्तीचे सहा दिवस कुठे गेले ते आता दिसतं. एक ड्रॉइंगमध्ये, एक आपल्या शॉपमध्ये, आणि चार कोटिंगला. त्या फिशबोनवर 'कोटिंग' हा शब्द होता, नाही असं नाही. 'माल' या फांदीवर सोळाव्या नंबरला, 'व्हेंडर लेट' एवढाच. वेल्डरच्या सुट्ट्यांवर मात्र पाच काटे होते, कारण वेल्डर समोर दिसतो. कोटिंगवाल्याकडे पडून असलेला माल दिसत नाही.

फांद्या कोणत्या घ्यायच्या

माणूस, मशीन, माल, पद्धत, मोजमाप, परिसर या फांद्या चुकीच्या नाहीत. वेल्डिंगला भोकं पडतायत किंवा बेंड बाहेर जातोय, अशा एका जागच्या दोषासाठी त्या उत्तम चालतात. काओरू इशिकावांनी ही आकृती वापरात आणली ती कारखान्यातल्या गुणवत्तेसाठीच. पण त्यांनीच तिचे एकाहून जास्त प्रकार सांगितले होते, आणि त्यातल्या एकात फांद्या म्हणजे कामाच्या पायऱ्या असतात. उशिरासाठी मी नेहमी तो प्रकार घेतो. कारण उशीर ही एका जागी घडणारी गोष्ट नाही, तो वाटेत थोडा थोडा साठत जातो. कणा म्हणजे पीओपासून बिलापर्यंतची वाट, आणि प्रत्येक टप्प्याला एक फांदी. माणूस-मशीन वगैरे सहा फांद्या आठवायच्याच असतील तर त्या एखाद्या टप्प्याच्या आत आठवा.

याचा एक साधा फायदा होतो. फांद्यांच्या शेजारी दिवस लिहिता येतात. कोटिंगच्या फांदीवर मोठ्या अक्षरात '+४' लिहिलं की लोक आपोआप तिथे बघतात. 'माणूस' या फांदीवर किती दिवस लिहिणार?

डोकंही आम्ही बदललं. नवं डोकं असं: 'जून ते ऑगस्टमधल्या ६२ पैकी २३ ऑर्डर पहिल्या कबूल तारखेच्या एका दिवसाहून जास्त उशिरा गेल्या, जास्तीच्या ६ दिवसांपैकी ४ कोटिंगमध्ये.' लांबलचक वाटेल, पण या वाक्याशी 'निष्काळजीपणा' हा शब्द जोडून बघा. जुळतच नाही. डोकं नेमकं असलं की फालतू काटे आपोआप गळतात.

कोण लिहितो, कसं लिहितो

पहिला चार्ट काढताना मार्कर कोणाच्या हातात होता? बहुतेक तुमच्याच. मग 'शेठ मधेच अर्जंट ऑर्डर घुसवतात' हा काटा त्यावर येणार नाही, आणि छोट्या युनिटमध्ये तो जवळजवळ नेहमी असतो. तळवड्यात मी सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या, नावं नाहीत, आणि शेठना चहाला बाहेर नेलं. चौदापैकी सहा चिठ्ठ्यांवर तेच निघालं, वेगवेगळ्या शब्दांत. एका हेल्परने लिहिलं होतं, 'बेंडिंगवर सेट केलेलं काम उतरवून दुसरं चढवायला लावतात, मग पहिलं कोपऱ्यात राहतं.' मला चिठ्ठी आवडली ती यासाठी की ती तपासता येते. कोपऱ्यात जाऊन बघितलं तर तीन अर्धवट बॉक्सचे पल्ले खरंच पडलेले होते, वर चॉकने तारखा होत्या.

काटा लिहायची माझी अट एवढीच की तो घडलेल्या घटनेचं वाक्य हवा, कुणी जाऊन हो किंवा नाही म्हणू शकेल असा. 'प्लॅनिंग नाही' हा काटा नाही. 'कोणता बॉक्स आधी बेंडिंगला घ्यायचा हे सकाळी कोणी सांगत नाही, ऑपरेटर हाताला येईल तो घेतो' हा काटा आहे. आणखी एक जात असते ती ओळखा. 'सॉफ्टवेअर नाही', 'अजून एक वेल्डर नाही', 'स्वतःचा टेंपो नाही' हे उपाय आहेत, कारणाचा वेश घेऊन आलेले. असा काटा आला की मी विचारतो, टेंपो नसल्यामुळे नेमकं काय घडतं? तेव्हा कळतं की टेंपोवाला सकाळी सांगितलं तर दुपारी येतो, पण माल तयार झाल्याचं त्याला सांगितलंच संध्याकाळी जातं.

काटा खरा की खोटा

तुमच्या चार्टवरची चाळीस कारणं म्हणजे चाळीस संशयित. पोलीस स्टेशनात संशयितांची यादी भिंतीवर लावून कोणी केस बंद करत नाही. बहुतेक ठिकाणी पुढे मतदान घेतात, ज्याला जास्त टिकल्या तो 'रूट कॉज'. मतदानाने सगळ्यात जास्त चिडवणारं कारण निवडलं जातं, सगळ्यात जास्त दिवस खाणारं नाही. तळवड्यात मतदान घेतलं असतं तर लाइट पहिली आली असती.

मी दोन चाळण्या लावतो. पहिली मापाची. उशीर दिवसांत आहे, तर कारणही दिवस खाणारं हवं. चाकण चौकात टेंपो दोन तास अडकतो हे खरं, डोकं उठतं हेही खरं, पण तिथे तास जातात, दिवस जात नाहीत. सहा दिवसांच्या उशिराचा हिशोब दोन तासांनी भरत नाही. अपवाद आहेत. पालखीच्या दिवसांत किंवा विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असतात तेव्हा अख्खा दिवस जाऊ शकतो, पण ते वर्षातले ठरलेले मोजके दिवस. कॅलेंडरवर आधीच लाल करून ठेवा आणि चार्टवरून काढून टाका.

दुसरी चाळणी तुलनेची. हा काटा लेट गेलेल्या ऑर्डरमध्ये दिसतो, पण वेळेवर गेलेल्यांमध्ये दिसत नाही, असं आहे का? लाइटची तारीखवार नोंद शेठच्या जनरेटरच्या डिझेल वहीत होती. लेट ऑर्डरच्या काळात जेवढी लाइट गेली, तेवढीच वेळेवर गेलेल्यांच्या काळातही गेली होती. लाइट त्रास देते, पण फरक पाडत नाही. तो काटा आम्ही लाल पेनने खोडला, शेजारी तारीख आणि 'डिझेल वही बघितली' असं लिहून. खोडलेल्या काट्याशेजारी कारण लिहा, नाहीतर पुढच्या मीटिंगला तो परत उगवतो.

कोटिंगच्या फांदीवर चार काटे होते: कोटिंगवाल्याकडे जास्त काम असतं, आपला टेंपो रोज जात नाही, माल रिजेक्ट होऊन परत जातो, आणि 'स्पेशल शेड', म्हणजे नेहमीपेक्षा वेगळा रंग. पहिले तीन तपासले. टेंपो एक दिवसाआड जातो, पण तो दोन्ही ढिगांना सारखाच जातो. रिजेक्शन दोनदाच झालेलं. कोटिंगवाल्याकडे गर्दी असते, पण ती सगळ्याच मालाला असायला हवी. चौथ्यावर मात्र गाडी थांबली.

पॅनेलच्या धंद्यात बहुतेक बॉक्स आरएएल ७०३५ किंवा ७०३२ या दोन करड्या शेडमध्ये जातात. ६२ पैकी ४२ ऑर्डर या दोन शेडच्या होत्या, त्यातल्या ७ लेट. उरलेल्या २० ऑर्डर कुठल्यातरी वेगळ्या शेडच्या, निळा, नारिंगी, किंवा करडाच पण टेक्स्चर फिनिश. त्यातल्या १६ लेट! एका बाजूला सहात एक, दुसऱ्या बाजूला पाचात चार. एवढा फरक दिसला की मग वाद घालावा लागत नाही.

का, का, का, आणि कोटिंगवाल्याकडे एक फेरी

आता त्या एका काट्यामागे जायचं. पण हे ऑफिसात बसून करू नका. आम्ही कोटिंगवाल्याकडे गेलो. भट्टीची ऊब, हवेत पावडरचा वास, आणि एका रॅकवर आपले निळ्या ऑर्डरचे बॉक्स, धुऊन-बिऊन तसेच पडलेले. त्याला विचारलं, हे का थांबलेत? त्याने सरळ सांगितलं: पावडर नाही.

का नाही? ७०३५ आणि ७०३२ ची खोकी त्याच्याकडे कायम असतात. वेगळ्या शेडची पावडर तो काम आल्यावर मागवतो, आणि ती यायला दोन-तीन दिवस लागतात. वर अख्खं खोकं घ्यावं लागतं, सहा बॉक्सच्या ऑर्डरला त्यातलं थोडंच लागतं, म्हणून त्याच शेडचं आणखी कोणाचं काम येतंय का याची तो वाट बघतो. आली तरी शेड बदलायची म्हणजे गन, पाइप, बूथ सगळं हवेने साफ करायचं, नाहीतर निळ्यावर करडे ठिपके येतात. त्यात अर्धा-पाऊण तास जातो, म्हणून तो शेडबदल दिवसाच्या शेवटी एकदाच करतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.

मग तो काम आल्यावरच का मागवतो, आधी का नाही? कारण शेड त्याला चलनावर कळते, म्हणजे बॉक्स दारात आल्यावर. आणि आपल्याला शेड कधी कळते? पीओच्या दिवशी. बॉक्स आपल्याकडे कटिंग आणि वेल्डिंगमध्ये पाच दिवस असतो, त्या पाच दिवसांत पावडर दोनदा येऊन पडली असती.

मग आपण आधी का सांगत नाही? इथे तळ लागला. त्यांचं जॉब कार्ड मी हातात घेतलं. पिवळ्या रंगाचा कागद, त्यावर कस्टमर, साइज, जाडी, नग, तारीख. शेडचा रकानाच नाही. ते कार्ड कोणीतरी वर्षांपूर्वी छापलेलं, जेव्हा सगळंच करड्या रंगात जायचं. शेड पीओच्या तिसऱ्या ओळीत असायची, पीओ ऑफिसच्या फायलीत, आणि शॉपवर शेड कळायची ती चलन बनवताना, फायल उघडल्यावर. कधीकधी तर पीओवर नुसतं '७०३५' असायचं आणि टेक्स्चर की ग्लॉसी हे फोन करून विचारावं लागायचं. त्या दोघांची पावडर वेगळी येते. त्यात आणखी दिवस.

बघा, पहिल्या चार्टवर हे 'व्हेंडर लेट' होतं. त्याचा अर्थ कोटिंगवाल्याला झापा किंवा बदला. शेठनी एकदा बदलूनही बघितला होता, आणि नवाही तसाच निघाला, कारण त्यालाही शेड दारातच कळत होती.

काय बदललं

तीन गोष्टी, आणि तिन्ही फुकट. जॉब कार्डवर शेड आणि फिनिशचे दोन रकाने आले. ते कोरे असतील तर कार्ड शॉपवर जात नाही, म्हणजे विचारपूस पहिल्या दिवशीच होते. ड्रॉइंग अप्रूव्ह झालं की त्याच दिवशी कोटिंगवाल्याला मेसेज: शेड, फिनिश, अंदाजे किती चौरस फूट, कधी येईल. आणि वेगळ्या शेडला शेठ दहाऐवजी बारा दिवस सांगतात. हे शेवटचं काहींना पळवाट वाटेल. मला तसं वाटत नाही; शेड बदलायला लागणारा वेळ खरा आहे आणि तो तारखेत धरायलाच हवा. पण तारीख वाढवणं हा एकमेव उपाय असता तर मी मान्य केला नसता. म्हणून मोजताना आम्ही कोटिंगचे दिवस वेगळे बघत राहिलो. ते ६ वरून ३ वर आले.

अर्जंट ऑर्डर घुसवण्याचं मुद्दाम नंतर घेतलं. एकदम पाच गोष्टी बदलल्या की कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि एक जरी उलटली तरी सगळं सोडून द्यावंसं वाटतं. पुढच्या दोन महिन्यांत ४१ ऑर्डर गेल्या, ८ लेट. वेगळ्या शेडच्या १३ होत्या, त्यातल्या ३ लेट. दोन महिने म्हणजे फार नाही, दिवाळीही मधे आली, त्यामुळे मी शेठना पेढे वाटू दिले नाहीत. पण शेडमधला फरक एवढा मोठा होता की तो योगायोग म्हणणं कठीण होतं.

कुठे हे चालणार नाही

तुमच्या लेट ऑर्डर तीन महिन्यांत पाच-सातच असतील तर सरासरी काढू नका, एकेक ऑर्डरची गोष्ट लिहून काढा. सगळा उशीर एकाच कस्टमरच्या मालात असेल तर त्याची वेगळी आकृती काढा, बाकीच्यांत मिसळली की चित्र धुरकट होतं.

आणि एक तपासणी आकृतीच्या आधीच करा. महिन्याला जेवढं काम घेता तेवढं निघतं का? बेंडिंग मशीन दिवसाला किती बेंड मारतं आणि ऑर्डरमध्ये किती बेंड आहेत, एवढा गुणाकार पुरतो. येणारं काम जाणाऱ्यापेक्षा कायम जास्त असेल तर सगळ्याच ऑर्डर लेट होत जातात, वेळेवरचा ढीगच उरत नाही, आणि फिशबोन तुम्हाला चाळीस खोटी कारणं देईल. तिथे एकच दुखणं असतं, ते म्हणजे घेतलेलं काम. ओळखायची खूण सोपी आहे: उशीर दर महिन्याला वाढत जातो. एका जागी अडकलेला उशीर साधारण तेवढाच राहतो.

एक मर्यादा आकृतीचीच आहे. ती एका कारणाकडून परिणामाकडे जाते, पण उशिरात चक्रं असतात. लेट झालं म्हणून कस्टमर फोन करतो, म्हणून शेठ त्याचं काम मधे घुसवतात, म्हणून दुसरं लेट होतं, मग तो फोन करतो. हे माशाच्या काट्यांत बसत नाही, एक गोल बाण काढून शेजारी वेगळं लिहावं लागतं. तळवड्यात शेडचं मार्गी लागल्यावर अर्जंटचा प्रकार बराच आपोआप कमी झाला, कारण ओरडणारे फोन कमी झाले. तसं तुमच्याकडे होईलच असं सांगत नाही.

तुमच्यासाठी पहिलं काम: भिंतीवरचा चार्ट उतरवू नका, पण आठवडाभर त्याच्याकडे बघूही नका. मागच्या तीन महिन्यांच्या ऑर्डरच्या सहा तारखा काढा, कोटिंग घरात असेल तर त्याजागी भट्टीच्या वहीची तारीख घ्या. लेट आणि वेळेवर असे दोन ढीग करून प्रत्येक टप्प्याची सरासरी इथे टाका, जास्तीचे दिवस कुठे आहेत ते बघून कोणती फांदी उघडायची ते बोलू. टप्पे सारखेच निघाले आणि फरक दिसला नाही, तर साइज, जाडी, नग, शेड, कस्टमर असे ढीग पाडून बघा. आमच्याकडेही पहिल्यांदा कस्टमरप्रमाणेच पाडले होते आणि काहीच दिसलं नव्हतं. शेडची आयडिया शेठच्या मुलीची.

आणि तळवड्यात आता उरलेल्या आठ लेट ऑर्डरचं डोकं लिहिलंय. त्यातल्या चार ड्रॉइंग अप्रूव्हलमध्ये अडकल्या होत्या, चारही एकाच प्रकारे: आपण ड्रॉइंग पाठवलं शुक्रवारी संध्याकाळी, तिकडे शनिवार-रविवार सुट्टी, इकडे गुरुवारी.